ऑथेंटिकेटरचा कोड लागत नाही किंवा फोनच हरवला: आधी काय तपासायचं, नंतर काय

कॉलेजच्या संगणक विभागात काम करताना ही तक्रार माझ्याकडे सतत येते. दिवाळीनंतर तर जास्तच, कारण तेव्हा घरोघरी नवे फोन आलेले असतात आणि जुने विकून टाकलेले असतात. येणारा माणूस म्हणतो, "लॉगिन होत नाहीये." प्रत्यक्षात त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी तुमचं लक्षण कोणतं ते ओळखा.

- अ‍ॅपमध्ये सहा आकडी कोड दिसतो, पण टाकला की "चुकीचा कोड" असं येतं.
- नव्या फोनवर तेच अ‍ॅप टाकलं, पण खात्यांची यादी रिकामी आहे.
- यादी आली, पण एखाद्या खात्यापुढे, बहुतेक वेळा ऑफिसच्या, कोडऐवजी पुन्हा साइन इन करायला सांगतंय.
- फोन हरवलाय, चोरीला गेलाय किंवा पडून बंद झालाय.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती थोडक्यात सांगतो. आपण एखाद्या साइटवर क्यूआर स्कॅन करतो तेव्हा त्या चौकोनात एक गुप्त किल्ली असते. उलगडून पाहिलं तर ती साधारण अशी दिसते:

```
otpauth://totp/Example:asha@example.com?secret=JBSWY3DPEHPK3PXP&issuer=Example
```

`secret=` नंतरची अक्षरं म्हणजे किल्ली. तीच साइटकडे असते आणि तीच तुमच्या फोनमध्ये. किल्ली आणि आत्ताची वेळ यांवरून दोघंही दर ३० सेकंदांनी तोच कोड स्वतंत्रपणे काढतात. ही टीओटीपी नावाची पद्धत २०११ पासून खुलं मानक आहे. त्यामुळे साइटनं "गूगल ऑथेंटिकेटरनं स्कॅन करा" असं लिहिलं असलं तरी दुसरं कुठलंही अ‍ॅप चालतं. कोड तयार व्हायला इंटरनेट लागत नाही आणि सिमचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. "त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, आता कोड येतील" असं समजून लोक वाट बघत बसतात, पण ते येणार नाहीत. किल्ली फोनमध्ये होती. तिची दुसरी प्रत कुठे आहे का, एवढाच खरा प्रश्न आहे.

१. घड्याळ (फुकट, एक मिनिट)

कोड दिसतोय पण चुकीचा ठरतोय, तर सगळ्यांत आधी वेळ बघा. साइट साधारणपणे आधीचा किंवा नंतरचा एखादा कोड चालवून घेते, म्हणजे अर्ध्या मिनिटाची चूक खपते. घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असेल तर एकही कोड लागणार नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये time.is उघडा. घड्याळ किती सेकंद चुकतंय ते तिथे वरच लिहून येतं. मग सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा.

यात एक फसवी जागा आहे आणि परदेशातून आलेल्यांच्या बाबतीत ती वारंवार सापडते. समजा, कुणी दुबईहून परत आला आणि फोनचा टाइम झोन दुबईचाच राहिला. घड्याळ दीड तास मागे दिसलं म्हणून त्यानं काटे हातानं पुढे सरकवले. आता पडद्यावर वेळ अगदी बरोबर दिसते. पण कोड काढताना फोन टाइम झोन वजा करून मूळ जागतिक वेळ वापरतो आणि ती दीड तासानं चुकलेली असते. म्हणून नुसतं घड्याळाकडे बघून "वेळ बरोबर आहे" म्हणू नका. टाइम झोनसुद्धा आपोआप घेतलेला असायला हवा.

२. नोंद तीच आहे ना?

एकाच साइटच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींचे कोड टाकून बघा. साइटवर पुन्हा क्यूआर काढून स्कॅन केला की नवी किल्ली सुरू होते आणि जुनी बाद होते, पण अ‍ॅपमध्ये जुनी नोंद तशीच राहते. कुठली चालते हे खात्रीनं कळेपर्यंत कुठलीही पुसू नका. अ‍ॅपमधली नोंद पुसल्यानं साइटवरची दोन टप्प्यांची तपासणी बंद होत नाही. तुमच्याकडची किल्ली तेवढी जाते.

३. कुठे लॉगिन उरलंय का?

फोन गेला असेल किंवा यादी रिकामी असेल, तर खरं काम इथून सुरू होतं. घरचा लॅपटॉप, ऑफिसचा कम्प्युटर, जुना टॅब, यांपैकी कुठेही ते खाते अजून उघडं असेल तर तुम्ही निम्म्याहून जास्त सुटलात. तिथून लॉगआउट करू नका, ब्राउझरचा इतिहास आणि कुकी साफ करू नका. "सगळीकडून साइन आउट करा" हे बटणही इतक्यात दाबू नका. घाबरून आधी पासवर्ड बदलणारे बरेच असतात. त्या बदलानं उघडी खाती बंद होऊ शकतात आणि उरलेला एकमेव दरवाजाही लागतो.

उघड्या खात्यातून आधी बॅकअप कोड काढा. गूगलमध्ये myaccount.google.com वर सुरक्षेच्या भागात दोन टप्प्यांच्या तपासणीखाली Backup codes असतात. तिथे बहुधा पासवर्ड पुन्हा विचारतात, पण ओळखीच्या मशीनवर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. कोड कागदावर लिहून घ्या, मगच पुढे जा.

४. जुने बॅकअप कोड

दोन टप्प्यांची तपासणी सुरू करताना "हे कोड जपून ठेवा" असं म्हणून साइटनं एक फाइल दिलेली असते. लोकांना ती आठवत नाही, पण लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ती हटकून असते. तिथे `backup` आणि `recovery` हे शब्द टाकून शोधा. गिटहबची फाइल `github-recovery-codes.txt` या नावानं उतरते. गूगलचे कोड एका वेळी दहा मिळतात आणि प्रत्येक आठ आकडी असतो. गिटहब सोळा देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना सगळा बाद होतो. म्हणून हाती लागलेला संच चालला नाही तर तारखेनं त्याच्या नंतरची फाइल आहे का ते बघा.

५. अ‍ॅपनं प्रत ठेवली होती का?

कोणतं अ‍ॅप चांगलं, असं मला नेहमी विचारतात. कोड सगळेच सारखे काढतात. फोन गेल्यावर किल्लीची प्रत कुठे सापडते आणि ती उघडायला काय लागतं, यावरच मी त्यांची तुलना करतो.

गूगल ऑथेंटिकेटर २०२३ च्या एप्रिलपासून किल्ल्या गूगल खात्यात ठेवू शकतं. अ‍ॅपमध्ये वर ढगाचं चिन्ह दिसतं. ढगावर रेघ मारलेली असेल तर प्रत फक्त त्या फोनवर होती आणि फोनबरोबर गेली. प्रत असेल तर नव्या फोनवर त्याच गूगल खात्यानं साइन इन केलं की यादी परत येते. अडचण होते ती गूगल खात्याचाच कोड या अ‍ॅपमध्ये असेल तेव्हा. प्रत मिळवायला गूगलमध्ये शिरावं लागतं आणि शिरायला त्या प्रतीतला कोड लागतो. हा गुंता सोडवायला बॅकअप कोड किंवा उघडा लॅपटॉप हवाच. आणखी एक, हे सिंक सुरू झालं तेव्हा किल्ल्यांना टोकापासून टोकापर्यंतचं कुलूप नव्हतं. त्यामुळे गूगल खाते दुसऱ्याच्या हाती लागलं तर यादीही धोक्यात येते असं धरूनच ते वापरावं.

मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरची प्रत आयफोनवर आयक्लाउडमध्ये जाते, तर अँड्रॉइडवर मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यात. अँड्रॉइडची प्रत आयफोनवर उतरत नाही आणि आयफोनची अँड्रॉइडवर नाही. फोनचा प्रकार बदलणाऱ्यांना हे नंतर कळतं. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खाते नव्या फोनवर नुसतं नावापुरतं येतं आणि पुन्हा साइन इन मागतं. तिसरं लक्षण म्हणजे हेच. अ‍ॅप बिघडलेलं नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

ऑथी किल्ल्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं. ते तुमच्या मोबाइल नंबराशी बांधलेलं आहे आणि प्रत उघडायला वेगळा बॅकअप पासवर्ड लागतो. तो विसरलात तर ऑथीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. त्याची कम्प्युटरवरची आवृत्ती २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाली, आणि किल्ल्या बाहेर काढून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये न्यायची सोय त्यात नाही. त्यामुळे नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

एजिस फक्त अँड्रॉइडवर आहे. त्याचा कोड खुला आहे, ते कुठलंही ऑनलाइन खाते मागत नाही आणि पासवर्डनं बंद केलेली फाइल तयार करून देतं. सुरक्षिततेत मला ते फार आवडतं, पण त्यात एक खड्डा आहे. आपोआप बॅकअप चालू केला की लोक निश्चिंत होतात. तो बॅकअप मात्र त्याच फोनच्या एखाद्या फोल्डरमध्ये पडत असतो आणि फोनबरोबर जातो. ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर नेणं हे तुमचं काम.

टूएफएएस दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतं आणि प्रत गूगल ड्राइव्हमध्ये किंवा आयक्लाउडमध्ये ठेवतं. गूगलचा वर सांगितलेला गुंता इथेही होऊ शकतो. एन्टे ऑथ फोनवरही चालतं आणि कम्प्युटरवरही. किल्ल्या कुलूप लावूनच वर जातात आणि पासवर्ड विसरल्यास २४ शब्दांची एक पुनर्प्राप्ती किल्ली असते. फक्त अ‍ॅपलचीच उपकरणं वापरणाऱ्यांना आयओएस १८ पासून आलेलं पासवर्ड्स अ‍ॅप पुरेसं आहे.

माझा सल्ला विचाराल तर फोन आणि लॅपटॉप अशा दोन ठिकाणी एन्टे ऑथ ठेवा आणि ते २४ शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवा. एक उपकरण गेलं तरी दुसऱ्यावर कोड चालूच राहतात. ज्याला आपली कुठलीही किल्ली ऑनलाइन नको आहे आणि जो महिन्यातून एकदा फाइल बाहेर नेईल, त्यानं एजिस घ्यावं. अ‍ॅप स्टोअरमध्ये नाव शोधताना बनवणारी कंपनी नीट बघा. हुबेहूब चिन्हाची आणि दर आठवड्याला पैसे मागणारी अ‍ॅप तिथे भरपूर असतात.

६. फोन गेलाच असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोन दुरून लॉक करा, पुसू नका. पुसला की किल्ल्याही जातात आणि फोन नंतर रिक्षात किंवा नातेवाइकाकडे सापडला तरी त्यातून काही मिळत नाही. अँड्रॉइडसाठी google.com/android/find आणि आयफोनसाठी icloud.com/find. आयफोन शोधण्यापुरतं अ‍ॅपल दुसरा कोड मागत नाही. अँड्रॉइडमध्ये रिमोट लॉक आधी चालू करून ठेवलेलं असेल तर android.com/lock वर नुसता मोबाइल नंबर टाकूनही फोन लॉक होतो. फोन चोराच्या हाती आहे आणि परत मिळणार नाही अशी खात्री झाली, की दुसरीकडे खाती हाती आल्यावर मग पुसा.

त्यानंतर सिम बंद करून घ्या, कारण बँकेचे एसएमएस त्यावर येतात. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. सिम बदलून होणारी फसवणूक रोखायला सरकारनंच तो नियम केला आहे. म्हणजे "कोड नाही तर नाही, एसएमएसनं लॉगिन करू" हा बेत त्या दिवशी चालणार नाही. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्या आणि ceir.gov.in वर फोनचा आयएमईआय ब्लॉक करा. त्यानं फोन देशातल्या नेटवर्कवर चालत नाही. त्यातले कोड मात्र त्यानं थांबत नाहीत, कारण त्यांना नेटवर्क लागतच नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगतो. सांगलीच्या एका ग्राफिक डिझायनर मुलीचा फोन एसटीत राहिला. तिच्या चार खात्यांवर दोन टप्प्यांचं लॉगिन होतं: जीमेल, गिटहब, शेअर ब्रोकरचं खाते आणि ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट खाते. पहिली तीन गूगल ऑथेंटिकेटरमध्ये होती आणि सिंक चालू होतं. चौथं मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये होतं. म्हणजे गूगलचा तोच गुंता. पण घरच्या लॅपटॉपवर जीमेल उघडं होतं. तिथून फोन लॉक केला, मग बॅकअप कोड काढले. गूगलनं फक्त पासवर्ड विचारला. त्यांतला एक कोड वापरून नव्या फोनवर गूगल खाते जोडलं, ऑथेंटिकेटर टाकलं आणि तिन्ही नोंदी परत आल्या. गिटहब आणि ब्रोकरचे कोड लगेच लागले. ऑफिसचं खाते नावापुरतं आलं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी तिच्या आयटी विभागानं जुनी नोंदणी काढून टाकली आणि तिनं नवा क्यूआर स्कॅन केला.

बहुतेक जण इथे थांबतात, पण काम अजून संपलेलं नसतं. परत आलेल्या किल्ल्या त्याच जुन्या आहेत, म्हणजे हरवलेल्या फोनवरही तेच कोड दिसताहेत. म्हणून प्रत्येक साइटवर जाऊन जुनं ऑथेंटिकेटर काढा आणि नवा क्यूआर स्कॅन करा. मग उपकरणांच्या यादीतून हरवलेला फोन साइन आउट करा, बॅकअप कोडचा नवा संच काढा आणि पासवर्ड बदला. तिच्याकडून हे सगळं करून घ्यायला एक दुपार लागली. सुरुवात जीमेलपासून केली, कारण बाकीच्या साइटचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. नवा क्यूआर पडद्यावर असतानाच तो फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर स्कॅन करता येतो. ती खिडकी बंद झाली की तोच क्यूआर पुन्हा दिसत नाही.

७. फोन हातात आहे, पण मेलाय

पडदा फुटला आणि टच चालत नाही, पण चित्र दिसतंय, अशा अँड्रॉइडला ओटीजी अडॅप्टरनं साधा यूएसबी माउस लावा. पॉइंटर दिसेल, त्यानं फोन उघडून अ‍ॅपमधून किल्ल्या नव्या फोनवर न्या. अडॅप्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. चित्रच नसेल पण फोन व्हायब्रेट होत असेल, तर आतली माहिती बहुधा शाबूत असते आणि नुसता डिस्प्ले बदलून काम होतं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डिस्प्ले बदलायला फोन दुकानात देताना "फक्त डिस्प्ले, रिसेट किंवा फ्लॅश करायचा नाही" असं पावतीवर लिहून घ्या. फोन पाण्यात पडून बंद झाला असेल तर घरी चार्जिंगला लावून बघू नका, तसाच बोर्डाचं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या.

ऑफिस, कॉलेज किंवा सरकारी ई-मेलच्या खात्याला अंदाजानं कोड टाकत बसू नका. बऱ्याच चुका झाल्या की खाते लॉक होऊ शकतं आणि आयटी विभागाचं काम वाढतं. त्यांच्याकडे तुमची जुनी नोंदणी काढण्याचा अधिकार असतो. ओळख पटवून ती काढून घ्या. ब्रोकर आणि बँकेचंही तसंच, त्यांच्या अधिकृत अ‍ॅपमधूनच विनंती करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बाकी सगळं सोडून आधी १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

वैयक्तिक गूगल खात्यात वरचं काहीच उरलं नसेल तर g.co/recover हा एकच मार्ग आहे. तो नेहमीच्या मशीनवरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि घरच्याच वायफायवरून वापरा, कारण ओळख पटवताना गूगल हेही बघतं. सायबर कॅफेतून केलेल्या प्रयत्नाला सहसा नकार येतो. उत्तर यायला काही दिवस लागू शकतात, तोवर नवनवे अर्ज करू नका.

गिटहबचे रिकव्हरी कोड नसतील तर लॉगिनच्या पानावरून पुनर्प्राप्तीची विनंती करता येते. पण ओळख पटवायला आधी जोडलेली एसएसएच किल्ली, टोकन किंवा ओळखीचं मशीन लागतं. यांतलं काहीच नसेल तर त्यांची मदत शाखा खाते उघडून देत नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. अशा वेळी नवं खाते काढा आणि जिथे जुनं नाव जोडलेलं होतं तिथे कळवा. टेलिग्रामवर किंवा फोन करून "ऑथेंटिकेटर रिकव्हर करून देतो, आधी दोन हजार भरा" म्हणणाऱ्याकडे तुमची किल्ली असूच शकत नाही. त्याला पैसे देऊ नका आणि उरलेला एकही बॅकअप कोड सांगू नका.